दोनदा कापले की नुसते अडवले? नव्या कार्डावरच्या दुहेरी नोंदींचा उलगडा

अमेरिकेत नव्याने आलेल्यांचे पहिल्या काही महिन्यांत हमखास येणारे फोन असतात. त्यातला एक म्हणजे, "ताई, एकाच वस्तूचे दोनदा पैसे गेले, बँकेत तक्रार करू का?" मी आधी एकच विचारते: हे तू ॲपमध्ये बघतोयस की महिन्याच्या स्टेटमेंटमध्ये? बहुतेक वेळा उत्तर "ॲपमध्ये" असं येतं, आणि तिथेच निम्मा प्रश्न सुटतो.

बँकेने रक्कम नुसती अडवून ठेवली असेल तर तो होल्ड. दुकानाने खरोखर दोनदा वसूल केली असेल तर ती दुहेरी आकारणी. पडद्यावर दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात, पण दोन्हींना वागवायची रीत उलटी आहे. होल्डच्या बाबतीत घाईने तक्रार केली तर बँक ती घेतच नाही, "पोस्ट होऊ द्या, मग बोला" म्हणते. दुहेरी आकारणीच्या बाबतीत "जाईल आपोआप" म्हणून बसून राहिलात तर कायद्याने दिलेली मुदत निघून जाते.

गोंधळाचं एक कारण आपल्या सवयीत आहे. भारतात कार्ड किंवा यूपीआय वापरलं की लगेच मेसेज येतो, खात्यातून पैसे गेले म्हणून, आणि ते गेलेले असतातच. व्यवहार फसला पण पैसे गेले, असं झालं तर तेही साधारण ठरलेल्या वेळात परत येतात. दुकानातल्या मशीनवर असं झालं तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत बँकेने स्वतःहून पैसे परत टाकायचे आणि उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा २०१९ चा नियमच आहे. इथे असा कोणी तुमच्या वतीने घड्याळ लावून बसलेला नसतो. होल्ड सुटायला किती दिवस लागतील ते दुकान, कार्ड आणि बँक यांवर ठरतं, म्हणून आधी आपल्यासमोर नक्की काय आहे ते ओळखता यायला हवं.

कार्डाचा व्यवहार दोन टप्प्यांत होतो. तुम्ही कार्ड लावता तेव्हा दुकानाचं मशीन बँकेला विचारतं, एवढ्या रकमेला हरकत नाही ना? बँक हो म्हणते, एक छोटासा मंजुरी क्रमांक देते आणि तेवढी रक्कम बाजूला राखून ठेवते. दुकानाच्या हातात अजून काही पडलेलं नसतं. दुसरा टप्पा नंतर येतो. दिवस संपल्यावर, किंवा ऑनलाइन असेल तर बऱ्याचदा माल निघाल्यावर, दुकान प्रत्यक्ष मागणी पाठवतं. ती आली की बँक राखलेल्या रकमेशी तिची जोडी लावते, राखीव नोंद पुसते आणि खरी नोंद टाकते. पहिल्या टप्प्यातली नोंद ॲपमध्ये Pending खाली दिसते, दुसऱ्यातली Posted खाली. काही बँका पेंडिंगला Processing म्हणतात, कुणी नुसतीच करड्या अक्षरांत दाखवतं.

महिन्याचं जे स्टेटमेंट येतं, कागदावर किंवा पीडीएफमध्ये, त्यात फक्त पोस्ट झालेल्या नोंदी असतात. तिथे दोन सारख्या नोंदी दिसल्या तर तो होल्ड नाही, एवढं धरून चला. ॲपमध्ये मात्र दोन्ही प्रकार एकाखाली एक येतात. लोक त्यालाच "स्टेटमेंट" म्हणतात आणि तिथेच फसगत होते.

आणखी एक खूण. डेबिट कार्डाच्या खात्यात दोन आकडे असतात: Current Balance आणि Available Balance. होल्डने फक्त दुसरा आकडा खाली येतो, पहिला तसाच राहतो. क्रेडिट कार्डावर होल्डमुळे शिल्लक मर्यादा कमी होते, पण अजून देणं वाढलेलं नसतं. नव्या माणसाला याचा फटका जास्त बसतो, कारण इथली क्रेडिट हिस्टरी नसल्याने पहिलं कार्ड बहुधा सिक्युअर्ड, म्हणजे आपलीच अनामत ठेवून मिळणारं, असतं आणि त्याची मर्यादा तीनशे-पाचशे डॉलर. एका हॉटेलने अनामत म्हणून दोनशे अडवले की कार्ड आठवडाभर जवळपास निकामी.

दोन्ही नोंदी पेंडिंग असतील, किंवा एक पेंडिंग आणि एक पोस्ट झालेली असेल, तर नव्वद टक्के काळजी सोडा. जोडी नीट जुळली नाही की असं होतं, आणि जोडी न जुळण्याचं मुख्य कारण म्हणजे मंजुरी घेताना खरी रक्कम दुकानालाच ठाऊक नसते.

पेट्रोल पंपाचं घ्या. तुम्ही किती भरणार ते पंपाला आधी कळत नाही. मग तो बँकेकडून एक तर नावापुरता एक डॉलर मंजूर करून घेतो, नाही तर टाकी फुल होईल इतकी मोठी रक्कम. पंपाला १७५ डॉलरपर्यंत मंजुरी मागता येते. तुम्ही भरता ३८ डॉलर १४ सेंटचं, आणि ॲपमध्ये दिसतात १७५. दुसऱ्या दिवशी ३८.१४ पोस्ट होतात, पण कधी कधी १७५ चा होल्ड अजून लटकलेला असतो. हे दोन व्यवहार नाहीत. रकमा वेगळ्या असणं हीच इथली खूण आहे.

आमच्या न्यू जर्सीत पेट्रोल स्वतः भरायची मुभा नाही, भरणारा माणूस असतो. कार्ड तोच मशीनमध्ये घालतो, आणि तुम्ही "तीस डॉलरचं भर" म्हटलंत तरी होल्ड मोठा पडू शकतो, कारण मंजुरी पेट्रोल भरायच्या आधी मागितली जाते. खात्यात पैसे मोजकेच असतील त्या आठवड्यात सरळ रोख द्या. बऱ्याच पंपांवर रोखीचा भावही दोन पैसे कमी असतो. पेनसिल्व्हेनियात गेलात की पंप तुमच्याच हातात. तिथे आत काउंटरवर जाऊन आधी तीस डॉलर द्या, म्हणजे तीसच अडकतील. भारतातून आणलेलं कार्ड पंपावर लावलंत तर मशीन पाच आकडी झिप कोड मागतं, जो त्या कार्डाला नसतोच. तेव्हाही आत जाणं हाच मार्ग.

रेस्टॉरंटमध्ये हाच प्रकार टिपमुळे होतो. कार्ड नेतात तेव्हा बिल ४६.२० चं असतं, तेवढ्याची मंजुरी घेतात. तुम्ही पावतीवर नऊ डॉलर टिप लिहून ५५.२० करता, आणि पोस्ट होताना तीच रक्कम येते. मधल्या दिवसांत दोन्ही आकडे एकत्र दिसले तरी ४६.२० निघून जातं. ५५.२० ऐवजी वेगळाच आकडा पोस्ट झाला, तर मात्र तो निराळा प्रश्न. म्हणून टिप लिहिलेल्या पावतीची आपली प्रत महिनाभर जपा.

आता खरी डोकेदुखी: रकमा अगदी सारख्या असलेले होल्ड. नव्या माणसाच्या बाबतीत हे बहुतेक पत्त्यामुळे होतं. इथली संकेतस्थळं कार्डाचा बिलिंग पत्ता, निदान झिप, बँकेकडे असलेल्या पत्त्याशी ताडून बघतात. तुम्ही कंपनीच्या तात्पुरत्या घरातून भाड्याच्या अपार्टमेंटमध्ये आला असता, बँकेत जुनाच पत्ता असतो, संकेतस्थळावर तुम्ही नवा टाकता. गंमत अशी की बँक रकमेला होकार देते आणि पत्ता जुळला नाही हेही कळवते. दुकान दुसरी गोष्ट बघून ऑर्डर नाकारतं, पण बँकेने तेवढ्यात रक्कम राखून ठेवलेली असते. तुम्हाला दिसतं "पेमेंट अयशस्वी", तुम्ही पुन्हा बटण दाबता, आणि आणखी एक होल्ड बसतो.

गेल्या वर्षी एका मुलाचं हेच झालं. एडिसनमध्ये नुकताच घरात शिरलेला, जमिनीवर झोपत होता, म्हणून शनिवारी संध्याकाळी गादी मागवली. किंमत कर धरून २८९ डॉलर ४७ सेंट. दोनदा नकार आला, तिसऱ्या वेळी त्याने जुन्या घराचा झिप घातला आणि ऑर्डर लागली. खात्यात २,३०० होते. ॲप उघडलं तर २८९.४७ च्या तीन नोंदी, तिन्ही पेंडिंग, आणि अव्हेलेबल बॅलन्स १,४३१.५९. सोमवारी एक तारीख, १,६५० चं भाडं आपोआप कापलं जायचं होतं. घाबरलेलाच फोन आला. "ताई, साडेपाचशे डॉलर जास्तीचे कापलेत!"

मी त्याला तीन गोष्टी बघायला लावल्या. करंट बॅलन्स किती? तर २,३००, म्हणजे अजून एक सेंटही गेलेला नाही. दुकानाकडून ऑर्डरची ईमेल किती आल्या? एकच. आणि दुकानाच्या संकेतस्थळावर त्याच्या नावावर किती ऑर्डरी? तिथेही एकच. एका ऑर्डरवर मागणी एकदाच येणार. उरलेले दोन होल्ड हे नाकारलेल्या प्रयत्नांचे, त्यांच्या मागे कुणी पैसे मागायला येणार नव्हतं.

रविवारी त्याने दुकानाच्या ग्राहकसेवेशी बोलणं केलं. त्यांनी सांगितलं, "आमच्याकडे तुमचं एकच पेमेंट आहे, परत करण्यासारखं दुसरं काहीच नाही." तो चिडला. त्याला वाटलं ते टोलवाटोलवी करताहेत. खरं तर हे उत्तर म्हणजे उत्तम पुरावा होता. ज्यांनी पैसे घेतलेच नाहीत ते परत काय करणार? अशा वेळी रिफंड मागू नका. "ज्या मंजुऱ्या वापरल्या नाहीत त्या रद्द केल्याचं बँकेला कळवा" असं सांगा. त्याला ते ऑथरायझेशन रिव्हर्सल म्हणतात, आणि हाच शब्द वापरलात तर पलीकडच्याला नेमकं कळतं. रक्कम, तारीख आणि कार्डाचे शेवटचे चार आकडे द्या. पूर्ण क्रमांक कुणालाही लिहून पाठवू नका.

कित्येकदा दुकान ऐकतं, कित्येकदा त्यांच्या माणसाला ते करायची सोयच नसते. बँकेला फोन केला तर बँक साधारणपणे दुकानाकडून खात्री मिळाल्याशिवाय होल्ड सोडत नाही. दुकानाचा माणूस, बँक आणि तुम्ही तिघं एकाच फोनवर येऊ शकलात तर काम लवकर होतं, पण ते जमून येणं कठीण. मुलाच्या बाबतीत यातलं काहीच सोमवारच्या आत होण्यासारखं नव्हतं. म्हणून त्याने सगळ्यात शहाणपणाचं काम केलं: घरमालकाच्या पोर्टलवर भाड्याची तारीख चार दिवसांनी पुढे ढकलली. लीजमध्ये पाच दिवसांची सवलत होती. भाडं तसंच जाऊ दिलं असतं तर ते परत फिरलं असतं, बँकेचा दंड आणि घरमालकाचा उशिराचा दंड दोन्ही बसले असते. कारण बँका असल्या वेळी बहुधा अव्हेलेबल आकडा बघतात.

मंगळवारी गादी निघाली आणि त्या रात्री एक नोंद पोस्ट झाली. बुधवारी उरलेल्या दोन गायब झाल्या. त्याने पुन्हा फोन केला, "पण रिफंड आल्याचं कुठेच दिसत नाही." दिसणार नाहीच. होल्ड सुटतो तेव्हा वेगळी जमा नोंद होत नाही, ती ओळ यादीतून नुसती नाहीशी होते आणि अव्हेलेबल आकडा वर जातो. म्हणून होल्ड दिसताक्षणी स्क्रीनशॉट घेऊन ठेवा, नाही तर नंतर तुमच्याकडे काहीच उरत नाही.

होल्ड किती दिवस टिकतो? साध्या खरेदीचा बहुतेक वेळा तीन ते सात कामाच्या दिवसांत सुटतो. हॉटेल आणि भाड्याची गाडी यांचा महिनाभरही राहू शकतो. या दोन ठिकाणी डेबिट कार्ड देऊच नका, क्रेडिट असेल तर ते द्या. अडकायचेच असतील तर बँकेच्या मर्यादेतले अडकू देत, भाड्याचे नकोत.

एक उलटा प्रकारही लक्षात ठेवा. होल्डची मुदत संपून तो निघून जातो, पैसे परत आल्यासारखे वाटतात, आणि दुकान आठवड्याने मागणी पाठवतं. उशिरा निघणाऱ्या मालाच्या बाबतीत हे नेहमीचंच आहे. हीसुद्धा दुहेरी आकारणी नाही, पहिल्यांदा काही गेलेलंच नव्हतं. पण मधल्या दिवसांत ते पैसे खर्च केले असतील तर पंचाईत होते.

आता खरी दुहेरी आकारणी. दोन्ही नोंदी पोस्ट झालेल्या, दुकान तेच, रक्कम सेंटपर्यंत तीच, तारीख तीच किंवा एका दिवसाच्या फरकाने. बऱ्याच बँका पोस्ट झालेल्या नोंदीवर टिचकी मारली की लांबलचक संदर्भ क्रमांक दाखवतात. तो पेंडिंगला नसतो, मागणी आल्यावरच येतो. दोन नोंदींना दोन वेगळे संदर्भ क्रमांक म्हणजे दुकानाकडून दोन मागण्या आल्या. किराणा दुकानात मशीन अडलं, काउंटरवरच्याने "पुन्हा लावा" म्हटलं आणि पहिला व्यवहारही लागलेला होता, हे याचं नेहमीचं मूळ. कधी दुकानाकडून दिवसाचा अख्खा हिशेबच दोनदा पाठवला जातो, तेव्हा त्या दिवशीच्या सगळ्याच गिऱ्हाइकांना दोनदा बसतं. अशा वेळी दुकानात फोन केला की बऱ्याचदा त्यांना आधीच माहीत असतं. आणखी एक जात: कार्ड चाललं नाही म्हणून तुम्ही रोख दिले आणि कार्डावरही पोस्ट झालं. इथे कार्डावर एकच नोंद असते, म्हणून नजरेतून सुटते. रोखीची पावती हाच तुमचा आधार.

तक्रारीआधी दोन मिनिटं थांबून हेही बघा की दोन्ही खरेद्या खऱ्या तर नाहीत ना. त्याच कार्ड खात्यावर नवऱ्याचं किंवा बायकोचं दुसरं कार्ड असेल तर त्यांना विचारा. ई-झीपासचं खातं टोलमुळे त्यातली शिल्लक खाली आली की ठरलेली तीच रक्कम महिन्यातून दोन-तीनदा भरून घेतं. ऑनलाइन ऑर्डर दोन खोक्यांत निघाली तर दोन नोंदी येतात, पण त्यांची बेरीज ऑर्डरइतकी असते. प्रत्येक नोंद पूर्ण ऑर्डरइतकी असेल तेव्हा शंका घ्या.

खरी असल्याची खात्री झाली की आधी दुकानाला सांगा. पावती आणि दोन्ही पोस्ट झालेल्या नोंदींचा फोटो दाखवला तर बहुतेक दुकानं मुकाट्याने परत करतात. रिफंडची पावती मागून घ्या. जमा व्हायला आठवडाभर लागू शकतो. दुकानाने परत करतो म्हटल्यावर लगेच बँकेतही तक्रार टाकू नका. दोन्हीकडून पैसे आले तर बँक आपले परत काढून घेते आणि मधल्या काळात हिशेबाचा घोळ होतो. दुकान ऐकत नसेल तर मात्र बँकेत जा. ॲपमध्ये कारण निवडताना "मी केलेला व्यवहार नाही" हे निवडू नका. ते फसवणुकीचं कलम आहे, त्यात तुमचं कार्ड बंद करून नवं पाठवतात, आणि तुम्ही व्यवहार केलेला असल्याने तक्रारही टिकत नाही. "दोनदा आकारलं" असा वेगळा पर्याय असतो, तो घ्या.

क्रेडिट कार्डासाठी १९७४ चा फेअर क्रेडिट बिलिंग ॲक्ट आहे. चुकीची नोंद ज्या स्टेटमेंटमध्ये पहिल्यांदा आली ते पाठवल्यापासून ६० दिवसांत लेखी तक्रार बँकेला पोचायला हवी. ॲपमधलं बटण रोजच्या कामाला पुरतं, पण कायद्याचं पूर्ण संरक्षण हवं असेल तर रक्कम मोठी असताना पत्रही टाका. पत्ता बिल भरायचा नव्हे. स्टेटमेंटवर बिलिंगच्या चौकशीसाठी वेगळा पत्ता छापलेला असतो, तो. बँकेने ३० दिवसांत पोच द्यायची आणि दोन बिलिंग सायकलींत, फार तर ९० दिवसांत, निकाल द्यायचा. तोवर वादातली रक्कम भरावी लागत नाही. बाकीचं बिल मात्र वेळेवर भरा. "सगळंच अडवून ठेवतो" असं केलंत तर उशिराचा दंड तुमच्याच माथी.

डेबिट कार्डाला वेगळा नियम लागतो, आणि नव्या माणसाने तो मुद्दाम वाचावा. इथेही स्टेटमेंटपासून ६० दिवस. बँकेला चौकशीला कामाचे दहा दिवस मिळतात. तेवढ्यात झालं नाही तर तिने पैसे तात्पुरते खात्यात टाकून चौकशी पुढे चालवायची. पण तुमचं खातं उघडून पहिली रक्कम पडल्याला ३० दिवस व्हायच्या आतला व्यवहार असेल तर दहाऐवजी वीस दिवस, म्हणजे कॅलेंडरने जवळजवळ महिना. खातं उघडलं त्याच महिन्यात फर्निचर, भांडीकुंडी, फोन असं सगळं तुम्ही घेत असता आणि पैशांची ओढाताणही तेव्हाच असते. बँकेने लेखी मागितलं तर दहा दिवसांत कागद द्या, नाही तर ते तात्पुरते पैसेही मिळायची सक्ती राहत नाही.